सीईटी: लेकीला 118, मैत्रिणीला 131, शिफ्ट वेगळी. पर्सेंटाइल कसा लागणार?

सांगलीची_आई
नमस्कार सगळ्यांना. लेकीने यंदा 2025 ची एमएचटी सीईटी दिली, पीसीएम ग्रुप. रिस्पॉन्स शीट आणि उत्तरतालिका आली तेव्हा आम्ही दोघींनी बसून एकेक प्रश्न टॅली केला, 200 पैकी 118 होतात. तिच्या मैत्रिणीचे 131 होतात पण तिची शिफ्ट वेगळी होती. लेक म्हणते आमचं मॅथ्स फार लेंदी होतं, शिफ्टमधली निम्मी पोरं रडत बाहेर आली. क्लासमधून एक चार्ट मिळालाय मार्क्स व्हर्सेस पर्सेंटाइल, त्यात 118 ला 90 च्या आसपास दाखवलंय आणि 131 ला 94. आता नॉर्मलायझेशनमध्ये लेकीचे मार्क वाढवतात का, आणि वाढवले तर किती, हे कुणी नीट सांगेल का? कॉलेजची यादी करायची आहे पण कुठल्या आकड्यावर करायची तेच कळत नाहीये.

क्लासवाले_सर
ताई काळजी करू नका, अवघड शिफ्टला मार्क वाढवून देतात. साधारण दहा-बारा मार्क धरा. म्हणजे तिचे 118 चे 129-130 होतील आणि मैत्रिणीच्या बरोबरीला येईल. दरवर्षी हाच अनुभव आहे.

आकडेमोड
सर, परिणाम तुम्ही म्हणता तसा होऊ शकतो पण मार्क कुणी वाढवत नाही. सीईटीमध्ये रॉ स्कोअरला हातच लावत नाहीत. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो आणि दरवर्षी पालक हाच प्रश्न घेऊन येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीईटीत हिशोब एवढाच आहे:

```
पर्सेंटाइल = 100 × (तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा कमी मार्क मिळालेले) ÷ (तुमच्या शिफ्टमध्ये बसलेले एकूण)
```

यात दुसऱ्या शिफ्टचा एकही आकडा नाही. पेपर सोपा होता की अवघड हे कुणी ठरवत नाही, त्याचा गुणांक वगैरे काही नाही. ताईंच्या लेकीच्या शिफ्टला समजा 20,000 पोरं बसली (आकडा मी समजायला धरलाय) आणि त्यातल्या 18,500 जणांना 118 किंवा त्याहून कमी मिळाले, तर तिचा पर्सेंटाइल 92.5. मैत्रिणीच्या शिफ्टमध्ये 131 किंवा त्याहून कमी असणारे 18,500 निघाले तर तिलाही 92.5. पेपर अवघड असेल तर सगळ्यांचेच मार्क खाली येतात, त्यामुळे 118 ला मागे टाकणारे कमी उरतात. नॉर्मलायझेशन म्हणजे इथे एवढंच. नंतर सगळ्या शिफ्टचे पर्सेंटाइल एकत्र करून मेरिट लावतात.

म्हणून तुमच्या हातातला तो चार्ट या वर्षीच्या एका शिफ्टसाठी काही कामाचा नाही. तो मागच्या वर्षांच्या कुठल्या कुठल्या शिफ्टची सरासरी असतो. 118 ला एका शिफ्टमध्ये 88 आणि दुसरीत 94 असं सहज होऊ शकतं.

सांगलीची_आई
खूप आभार. म्हणजे तिच्यासोबत त्या दिवशी त्या वेळेला बसलेल्या पोरांशीच तिची तुलना, बाकीच्यांशी नाही, असंच ना?

आकडेमोड
अगदी बरोबर.

तलाठी_अभ्यासिका
सर तुमचं बोलणं पटत नाही. नॉर्मलायझेशनमध्ये मार्क वाढतात, मी स्वतः भोगलंय. तलाठी भरती 2023 ला 57 शिफ्ट झाल्या होत्या. माझे रॉ आले होते 172, नॉर्मलाइज होऊन वाढले पण माझ्या पुढे अशी लोकं गेली ज्यांना 200 पैकी 214 पडले. 200 मार्कांच्या पेपरला 214! त्यावर केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल. अभ्यास करून काय उपयोग, शिफ्ट चांगली लागली पाहिजे. तर ताई, सीईटीतही असंच होणार, मनाची तयारी ठेवा.

आकडेमोड
तुमचा राग रास्त आहे पण ती पद्धत पूर्ण वेगळी, सीईटीला ती लागू होत नाही. तलाठीला मीन आणि स्टँडर्ड डेव्हिएशनवाली पद्धत होती, एसएससी बरीच वर्षं वापरत होती ती. तिच्यात खरोखर मार्क बदलतात आणि 200 च्या वर का जातात ते एका उदाहरणात दिसतं.

प्रत्येक शिफ्टचे दोन खांब धरतात. खालचा खांब म्हणजे शिफ्टची सरासरी अधिक स्टँडर्ड डेव्हिएशन, आणि वरचा म्हणजे टॉपच्या 0.1 टक्का लोकांची सरासरी. असेच दोन खांब सगळ्या शिफ्ट मिळूनही काढतात. समजा तुमच्या अवघड शिफ्टमध्ये खालचा 104 आणि वरचा 172, सगळ्या शिफ्ट मिळून 116 आणि 184. अंतर दोन्हीकडे 68, म्हणजे ताणायचं गुणोत्तर 1. आता एखाद्याला रॉ 180 असतील तर तो तुमच्या खालच्या खांबाच्या 76 वर आहे. हे 76 कशात मिळवायचे? इथे मेख आहे. ते सगळ्या शिफ्टच्या 116 मध्ये मिळवत नाहीत, ज्या शिफ्टची सरासरी सगळ्यात जास्त होती तिच्या खालच्या खांबात मिळवतात. तो समजा 130 आहे. 130 अधिक 76 म्हणजे 206. झाले 200 च्या वर. सगळ्यांना सगळ्यात सोप्या शिफ्टच्या पातळीवर उचलून ठेवायचं म्हटलं की वरच्या टोकाचे छपराबाहेर जाणारच. त्यात घोटाळाच असला पाहिजे असं नाही, सूत्रालाच कमाल मर्यादा नाहीये.

पर्सेंटाइलमध्ये हे होऊ शकत नाही. 100 च्या वर कुणी जात नाही, आणि प्रत्येक शिफ्टच्या टॉपरला 100 मिळतोच कारण त्याच्याइतके किंवा कमी मार्क असणारे म्हणजे अख्खी शिफ्ट.

तलाठी_अभ्यासिका
मग 160 ने टॉप केलेला आणि 195 ने टॉप केलेला दोघेही 100? हा न्याय आहे का?

आकडेमोड
दोघेही 100, हो. त्यातून टोकाला अन्याय होऊ शकतो हे मी नाकारत नाही. पण ताईंचा प्रश्न 90 ते 95 च्या पट्ट्यातला आहे, तिथे ही अडचण येत नाही.

फेरपरीक्षा_बॅच
मी 27 एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला होतो, ज्यात मॅथ्सच्या 21 प्रश्नांचे ऑप्शनच चुकले होते. 5 मे ला आमची परत परीक्षा घेतली. आता सगळे मित्र म्हणतायत की तुम्हाला आठ दिवस जास्त मिळाले तुमची मजा आहे. खरंच आम्हाला फायदा होतो का? मला तर उलट वाटतं, पहिल्यांदा दिली तेव्हा फिजिक्स केमिस्ट्री मस्त गेली होती, परत बसताना डोकंच चालत नव्हतं.

क्लासवाले_सर
फायदा तर आहेच बेटा. आठ दिवसांत मॅथ्सची उजळणी झाली असेल ना.

आकडेमोड
सर, झाली असेल पण सगळ्यांचीच झाली. तो ज्यांच्याशी स्पर्धा करतोय त्या प्रत्येकाला तेच आठ दिवस मिळालेत. समजा सगळ्यांचे पाच-पाच मार्क वाढले, तरी कोण कुणाच्या मागे हे बदलत नाही आणि म्हणून पर्सेंटाइलही बदलत नाही. ज्यांनी इतरांपेक्षा जास्त कमावलं त्यांना फायदा, ज्यांची लय गेली त्यांचं नुकसान.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. फेरपरीक्षेला कोण येत नाही? बहुतेक करून ज्यांचा पेपर आधीच वाईट गेला, ज्यांना सीईटीतून फारशी आशा नाही, ते. समजा 24,000 बसणार होते आणि तुझ्या पुढे 1,680 जण आहेत, तर तू 93.0 ला. आता तळातले 1,000 आलेच नाहीत. तुझ्या पुढचे तेवढेच, पण एकूण झाले 23,000. पर्सेंटाइल 92.7. तू काहीही वेगळं केलं नाहीस, तरी 0.3 गेले. भागाकारातला खालचा आकडा कोणत्या पोरांचा बनलाय यावर सगळं आहे.

फेरपरीक्षा_बॅच
हे तर कुणी सांगितलंच नव्हतं सर. 0.3 म्हणजे किती रँक?

आकडेमोड
पीसीएमला सगळ्या शिफ्ट मिळून चार लाख धरले तर 0.1 पर्सेंटाइल म्हणजे 400 जण. 0.3 म्हणजे 1,200. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या कॉलेजच्या काठावर असशील तर जाणवेल, नाहीतर नाही.

वर्धेकर
आकडेमोड सर, तुमचा सगळा हिशोब एका गृहीतकावर उभा आहे, की प्रत्येक शिफ्टमध्ये सारख्याच दर्जाची पोरं बसली. ते कुणी तपासलं? समजा एखाद्या शिफ्टला लातूर-नांदेडकडची तयारीची पोरं जास्त आली. तिथे 118 ला 89 लागेल आणि सगळे म्हणतील पेपर सोपा होता. पेपर सोपा की पोरं हुशार हे या सूत्राला कळतच नाही.

आकडेमोड
तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. नाही कळत. पर्सेंटाइलला फक्त क्रम दिसतो. पेपर आणि पोरं यांचा परिणाम वेगळा काढायचा तर शिफ्ट-शिफ्टमध्ये काही प्रश्न समान ठेवावे लागतात, म्हणजे त्या समान प्रश्नांवर कुठली शिफ्ट कशी खेळली ते बघून पोरांचा दर्जा जोखता येतो. पण समान प्रश्न ठेवले की सकाळच्या शिफ्टचे पोरं दुपारपर्यंत ते मोबाइलवर पसरवतात, म्हणून आपल्याकडे कुणी त्या वाटेला जात नाही.

राहता राहिलं शिफ्ट रँडम वाटणं. पोरं खरंच चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली असतील तर 20,000 च्या शिफ्टमध्ये निव्वळ योगायोगाने 93 च्या आसपास 0.2 पर्सेंटाइल इकडे तिकडे होतो, 5,000 ची शिफ्ट असेल तर 0.35 ते 0.4. याहून जास्त फरक असेल तर वाटणीत गडबड आहे असं म्हणता येईल.

वर्धेकर
पण रँडम वाटली की नाही हे बघायचं कसं? तुम्ही "वाटली असतील तर" म्हणताय.

आकडेमोड
शिफ्टवार दहावी किंवा बारावीच्या मार्कांची सरासरी छापली तर एका दिवसात कळेल. सगळ्या शिफ्टची सरासरी जवळजवळ सारखी आली तर वाटणी ठीक. एखादी दोन-तीन टक्क्यांनी वर निघाली तर त्या शिफ्टच्या पोरांवर अन्याय झाला. निकालासोबत हा एक तक्ता लावायला काहीच खर्च नाही आणि मला वाटतं पालकांनी मागावी ती हीच गोष्ट, रॉ मार्क वाढवून द्या ही नव्हे.

वर्धेकर
मागणी मान्य. पण तक्ता येईपर्यंत "ठीक असेल" हे मी मानणार नाही.

सांगलीची_आई
मला अजून एक विचारायचंय. मॅथ्सचा एक प्रश्न आहे, लेकीचं उत्तर उत्तरतालिकेप्रमाणे बरोबर आहे, पण तिच्या सरांचं म्हणणं की प्रश्नच चुकीचा आहे, एकही ऑप्शन बसत नाही. हरकत घ्यायला प्रत्येक प्रश्नामागे 1000 रुपये आहेत. सर म्हणतात घ्या, प्रश्न रद्द झाला तर सगळ्यांना 2 मार्क मिळतात, नुकसान तर काहीच नाही. घ्यावी का?

क्लासवाले_सर
जरूर घ्या. बोनस मिळाला तर कुणाला नकोय.

आकडेमोड
ताई थांबा, इथे नुकसान आहे. तिला ते 2 मार्क आधीच मिळालेत. प्रश्न रद्द होऊन सगळ्यांना 2 मिळाले तर तिचे 118 च राहणार, पण ज्यांचं ते उत्तर चुकलं होतं ते सगळे 2 ने वर सरकणार.

वरचंच उदाहरण घेऊ. 20,000 पैकी 18,500 जण 118 किंवा खाली, पर्सेंटाइल 92.5. या भागात एकेका मार्कावर समजा 130 पोरं आहेत, म्हणजे 118 वर 130 आणि 117 वर 130. त्यातल्या निम्म्यांचा तो प्रश्न चुकला होता असं धरा. रद्द झाल्यावर 118 वाले 65 जण 120 वर गेले, 117 वाले 65 जण 119 वर गेले. एवढे 130 जण तिला ओलांडून पुढे. आता तिच्याइतके किंवा कमी उरले 18,370. पर्सेंटाइल 91.85. एका रद्द प्रश्नात 0.65 गेले, चार लाखांत 2,600 रँक.

तिचं उत्तर चुकलं असतं तर उलटं झालं असतं. ती 120 वर गेली असती आणि 119, 120 वर बसलेल्या बरोबर-उत्तरवाल्या 130 जणांच्या बरोबरीला किंवा पुढे आली असती, 93.15. म्हणजे बोनसचा फायदा फक्त त्यांना, ज्यांचं चुकलं होतं.

सांगलीची_आई
अरे बापरे. मग गप्प बसावं का? पण प्रश्न खरंच चुकीचा असेल तर ज्या पोरांनी तो सोडवण्यात दहा मिनिटं घालवली त्यांचं काय.

आकडेमोड
त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी फक्त तुमच्या लेकीच्या बाजूने काय होतं ते सांगितलं. आणि तुम्ही नाही घेतली तरी दुसरं कुणीतरी घेईलच, ज्याचं चुकलंय तो.

फेरपरीक्षा_बॅच
काकू मी असतो तर घेतली असती. चुकीचा प्रश्न तो चुकीचाच.

क्लासवाले_सर
माझं मत बदललेलं नाही, प्रश्न चुकीचा असेल तर हरकत घेतलीच पाहिजे. पण आकडेमोड सरांचा हिशोब मी आज आमच्या स्टाफला दाखवला, आम्ही आजवर पोरांना सरसकट "बोनस मिळेल" एवढंच सांगत आलो.

सांगलीची_आई
निकाल लागला म्हणून परत लिहितेय. हरकत आम्ही घेतली नाही, पण तो प्रश्न रद्द झालाच. लेकीला टोटल 92.61, मैत्रिणीला 92.08. 131 वाली मागे आणि 118 वाली पुढे! मैत्रिणीच्या आईचा फोन आला होता, त्या फार नाराज आहेत, त्यांना वाटतंय कुठेतरी चूक झाली. मी त्यांना हा धागा पाठवला.

पण आता नवीन गोंधळ. लेकीला फिजिक्स 89.1, केमिस्ट्री 90.4, मॅथ्स 91.0. तिन्हीची सरासरी काढली तर 90.17 येते. मग टोटल 92.61 कशी? तिन्ही विषयांपेक्षा टोटल जास्त? स्कोअरकार्ड चुकलंय का?

तलाठी_अभ्यासिका
चुकलंच असणार. तीन आकड्यांची सरासरी तिघांतल्या सगळ्यात मोठ्यापेक्षा जास्त कशी येईल? मेल टाका लगेच.

आकडेमोड
मेल टाकू नका, बरोबर आहे. टोटल ही सरासरी नाहीच. ती विषयांचे रॉ मार्क आधी एकत्र करून, म्हणजे 118 की आता जे काय झाले असतील ते, त्यावर वेगळा पर्सेंटाइल काढतात.

हे असं बघा. फिजिक्समध्ये तिच्या पुढे साधारण 11 टक्के पोरं आहेत. पण त्यातली बरीच मॅथ्समध्ये तिच्या मागे आहेत, आणि मॅथ्सला एका प्रश्नाला 2 मार्क असल्याने बेरजेत ती खाली येतात. मॅथ्समध्ये पुढे असलेल्यांतली काही केमिस्ट्रीत पडली. तिन्हीत मिळून तिला मागे टाकणारे उरले सात-साडेसात टक्के. तिन्ही विषय सारखे धरणाऱ्या पोरांचं असंच होतं. उलट एकाच विषयात 98 आणि बाकी दोन्हीत 70 असेल तर टोटल मध्ये कुठेतरी लटकते.

विषयांचे पर्सेंटाइल मात्र फेकून देऊ नका. टोटल सारखी आली तर मेरिटमध्ये आधी मॅथ्सचा पर्सेंटाइल बघतात.

सांगलीची_आई
समजलं. पण मैत्रिणीच्या आईला मी काय सांगू? त्या म्हणतात 13 मार्क जास्त असून मागे, हे पोरीला कसं समजवायचं.

आकडेमोड
त्यांना विचारा तिच्या शिफ्टमध्ये 131 च्या वर किती जण होते. तिच्या 92.08 चा अर्थ एवढाच की 100 पैकी जवळजवळ आठ जण तिच्या पुढे होते. ती अवघड शिफ्टला बसली असती तर तिचे 131 आले नसते, कदाचित 117 आले असते, आणि पर्सेंटाइल याच्याच आसपास लागला असता. आणि 92.61 आणि 92.08 मध्ये जो अर्ध्या पर्सेंटाइलचा फरक आहे ना, त्यातला काही भाग निव्वळ कोण कुठल्या शिफ्टला बसलं याचा आहे. दोघी मुली जवळपास सारख्याच आहेत असं मी म्हणेन. पण मेरिट लिस्टला सात दशांश स्थळांपर्यंतचा आकडा दिसतो, तिथे अर्धा म्हणजे दोन हजार पोरं.

वर्धेकर
म्हणूनच मी म्हणतो तो तक्ता हवा. ज्या आकड्यात 0.2 योगायोगाचा आहे त्याला सात दशांशापर्यंत लिहून त्यावर सीट वाटायची.

आकडेमोड
सात दशांश बरोबरी टाळायला ठेवलेत, अचूकता म्हणून नाहीत. पण तुमचा मुद्दा खोडता येत नाही.

फेरपरीक्षा_बॅच
मला 91.3. वाटलं होतं त्यापेक्षा कमी. आमच्या वर्गातल्या दोघांनी 5 तारखेला पेपरच दिला नव्हता, सर म्हणाले तसं.

सांगलीची_आई
बाळा 91.3 चांगले आहेत. आकडेमोड सर, कॅपचे ऑप्शन भरताना मागच्या वर्षीच्या कॉलेजच्या कटऑफचे पर्सेंटाइल बघितले तर चालतील ना, की तेही मार्कांच्या चार्टसारखेच?

आकडेमोड
ते चालतात, कारण तिथे पर्सेंटाइलची पर्सेंटाइलशी तुलना आहे. फक्त यंदा परीक्षेला बसलेल्यांची संख्या आणि सीटची संख्या मागच्या वर्षीपेक्षा किती बदलली ते बघा. पर्सेंटाइल तोच राहिला आणि पोरं वाढली तर रँक मागे जातो. स्टेट मेरिट नंबर आला की तो हाताशी ठेवा आणि मागच्या वर्षीच्या कटऑफचे मेरिट नंबर त्याच्याशी लावून बघा. ब्रँच कुठली हवीय लेकीला?

सांगलीची_आई
ती म्हणते इलेक्ट्रॉनिक्स, बाबा म्हणतात कॉम्प्युटर. त्यासाठी वेगळा धागा काढते.

तलाठी_अभ्यासिका
सर माझ्या 172 चं गणित मांडून द्याल का, माझ्या शिफ्टची सरासरी कुठे मिळेल?

आकडेमोड
शिफ्टची सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन आणि टॉप 0.1 टक्क्याचा आकडा, आणि सगळ्या शिफ्ट मिळून हेच आकडे, हे मिळाल्याशिवाय मांडता येणार नाही. माहिती अधिकारात मागून बघा, आणि सगळ्यात जास्त सरासरी असलेल्या शिफ्टची सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशनही त्याच अर्जात मागा.